अख्खी टीम एकाच दिवशी उठते तेव्हा निरोपाचा मेल: ऐरोलीतलं एक प्रकरण

ऐरोलीच्या एका आयटी पार्कात एका वित्तसंस्थेच्या गृहकर्जाच्या जुन्या फायलींचं काम चालू होतं. कागदी फायली स्कॅन करायच्या, त्यातली माहिती नव्या प्रणालीत चढवायची आणि चढवलेली प्रत्येक नोंद कागदाशी ताडून पाहायची. सगळी टीम कंत्राटी होती. सुरुवातीला 17 जण होते. डिसेंबरात स्कॅनिंग आटोपलं तेव्हा तिघांना मोकळं केलं आणि 14 उरले. त्यातले नऊ जण एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पेरोलवर आणि पाच जण दुसऱ्या एजन्सीच्या. कंत्राट 31 मार्चला संपणार होतं. मी पहिल्या एजन्सीकडून या टीमची समन्वयक होते. खाली जी नावं येतात ती बदललेली आहेत.

एखादा माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्याच्या निरोपाच्या मेलचा एक ठरलेला रस्ता असतो. तो जातो, बाकीचे तिथेच असतात, मेल त्यांच्याकडे पोचतो, कुणी उत्तर देतं, कुणी संध्याकाळी चहाला गाठतं. कंत्राटी टीम प्रकल्पाच्या शेवटी उठते तेव्हा असं होत नाही. लिहिणारा आणि वाचणारे एकाच दिवशी त्या कंपनीच्या यंत्रणेतून पुसले जातात. ज्या पत्त्यावर मेल जायचा ते पत्तेच दुसऱ्या दिवशी कुणाचे नसतात. म्हणून हा मेल कधी, कुठून आणि कुणाला जातो यावर त्यातल्या शब्दांइतकंच अवलंबून असतं. या प्रकरणात आम्हाला ते वेळेत लक्षात आलं, म्हणूनच ते सविस्तर लिहावंसं वाटलं.

टीम लीड संदेशने शेवटच्या आठवड्याच्या आधीच मला मसुदा दाखवला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला, ऑफिसच्या मेलवरून, प्रकल्पाच्या सामाईक यादीवर तो पाठवायचा असा त्याचा बेत होता. त्या यादीत आमची 14 माणसं आणि वित्तसंस्थेची पन्नासेक माणसं. मसुद्यात सुरुवातीला सगळ्यांचे आभार, मग किती हजार फायली झाल्या त्याचा आकडा, मग 'ही फक्त टीम नव्हती, कुटुंब होतं' असं एक वाक्य, मग कोण कुठे रुजू होतंय त्याची यादी आणि शेवटी 'काहीही लागलं तर कधीही फोन करा'. सोबत सगळ्यांचे मोबाइल नंबर आणि खासगी मेल आयडी असलेली एक्सेल.

हेतू मनापासूनचा होता, त्याबद्दल शंकाच नाही. महिनोन्‌महिने एका रांगेत बसून काम केलेल्या माणसांना त्याला हरवू द्यायचं नव्हतं. पण त्या मसुद्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत, वेळेपासून जोडपत्रापर्यंत, एकेक अडचण होती.

साडेपाच म्हणजे उशीर

पहिली अडचण वेळेची. आयटी डेस्कने लॅपटॉप परत घेण्याच्या वेळा आधीच कळवल्या होत्या. 31 तारखेला सकाळी साडेदहापासून ओळीने एकेक जण. लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र जमा करायचं, सही करायची आणि सही झाली की आयडी बंद. म्हणजे दुपारी दोनपर्यंत 14 पैकी 12 जणांना मेल उघडताच येणार नव्हता. संदेशचा नंबर सर्वांत शेवटी होता, त्यामुळे त्याला संध्याकाळी मेल पाठवता आला असता, फक्त तो वाचायला कुणी उरलं नसतं.

यातली फसवी गोष्ट अशी की त्याला हे कळलंही नसतं. आयडी बंद झाला म्हणजे मेल परत येईल असं आपण गृहीत धरतो. अनेक कंपन्यांत मायक्रोसॉफ्टची मेलव्यवस्था असते आणि तिथे लॉगिन बंद करणं व मेलबॉक्स काढून टाकणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. जाणाऱ्या माणसाचं लॉगिन आधी बंद होतं. मेलबॉक्स त्यानंतरही काही काळ जिवंत असतो आणि येणारा मेल मुकाट्याने घेत राहतो. लायसन्स काढल्यावरही त्यातला मजकूर साधारण 30 दिवस मागे राखून ठेवलेला असतो. त्यामुळे पाठवणाऱ्याकडे 'मेल पोचला नाही' असा निरोप येत नाही. मेल पोचलेला असतो, पण कुणालाही न उघडता येणाऱ्या खोक्यात. बऱ्याच ठिकाणी जाणाऱ्याचे मेल त्याच्या वरिष्ठाकडे वळवलेले असतात. तसं असेल तर टीमला लिहिलेलं खासगी पत्र वित्तसंस्थेच्या व्यवस्थापकाकडे 13 वेळा गेलं असतं.

म्हणून मेल परत आला नाही, यावर विसंबायचं नाही. पोचल्याचा पुरावा एकच, समोरच्याचं उत्तर. आणि उत्तर यायला समोरच्याच्या हातात लॅपटॉप असायला हवा. आम्ही ठरवलं की ऑफिसच्या मेलवरून जे काही जायचं ते 27 तारखेला सकाळी अकराच्या सुमारास जाईल. त्यानंतर कामाचे दिवस उरत होते, आणि सकाळच्या वेळी मेल वाचला जातो. संध्याकाळी सहाच्या आत ठाण्याची लोकल धरायची घाई असते.

एका मेलमध्ये तीन मेल

दुसरी अडचण पत्त्यांची. संदेशच्या मसुद्यात तीन वेगवेगळ्या माणसांशी बोलणं एकत्र झालं होतं. वित्तसंस्थेचे लोक तिथेच राहणार होते, त्यांना काम कुठे ठेवलंय ते कळायला हवं होतं. टीममधले लोक जाणार होते, त्यांना एकमेकांचा निरोप घ्यायचा होता. आणि दोन्ही एजन्सींना काही गोष्टी लेखी कळवायच्या होत्या, त्या तर मसुद्यात नव्हत्याच. तिघांना एकच मेल पाठवला तर तो कुणालाच नीट लागू पडत नाही. वित्तसंस्थेच्या व्यवस्थापकाला टीममधल्या आठवणी वाचण्यात रस नसतो, आणि टीममधल्या मुलांना वरिष्ठांच्या देखत मोकळं बोलता येत नाही.

शिवाय ती एक्सेल. मेधा आमची तपासनीस, फार कमी बोलणारी. तिने संदेशला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, माझा नंबर त्या यादीत नको. आपल्या टीमला द्यायला माझी काही हरकत नाही. पण बाकी पन्नास जणांना मी ओळखतही नाही." तिचं म्हणणं रास्त होतं. माणसाचा खासगी नंबर त्याच्या परवानगीशिवाय वाटायचा नाही हा साधा शिष्टाचार आहेच, आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं मूळही संमती हेच आहे. वर ही एक्सेल ऑफिसच्या मेलमधून जीमेलवर पाठवायची झाली तर वेगळाच घोळ. वित्तसंस्थांत बाहेर जाणाऱ्या मेलवर पहारा असतो. मोबाइल नंबरांचा रकाना असलेली फाइल बाहेर निघाली की यंत्रणेला ती ग्राहकांची यादी वाटते. मेल अडतो आणि माहिती-सुरक्षा विभागाकडून खुलासा मागणारं पत्र येतं. शेवटच्या आठवड्यात असं पत्र आलं तर सुटकेचं पत्रही लांबतं.

म्हणून एकाचे तीन मेल केले.

वित्तसंस्थेला गेलेला मेल

हा सर्वांत छोटा झाला. मूळ इंग्रजीत होता, तात्पर्य इतकंच: कंत्राटी टीमचं काम 31 मार्चला संपतंय. कामाची कागदपत्रं, तपासणीची पद्धत आणि अजून उघडे असलेले प्रश्न सामाईक फोल्डरमध्ये अमुक ठिकाणी ठेवले आहेत. 1 एप्रिलपासून या सगळ्याची जबाबदारी वित्तसंस्थेच्या अमुक अधिकाऱ्याकडे आहे. मग तीन विभागांचे आभार, प्रत्येकी एका नेमक्या गोष्टीसाठी. अभिलेख कक्षाने पावसाळ्यात भिजलेले गठ्ठे वेगळे काढून वाळवून दिले, त्यामुळे ते स्कॅन झाले, असं. नुसतं 'आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद' वाचून कुणाला आपण काय केलं ते आठवत नाही. गठ्ठे वाळवलेल्या माणसाला मात्र आपलं नाव न घेताही ते वाक्य आपल्याबद्दल आहे हे कळतं.

या मेलवर सगळ्यांत जास्त चर्चा शेवटच्या ओळीवर झाली. स्कॅनिंगच्या टेबलावर कदमकाका होते. एका बँकेच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले, मग कंत्राटावर इथे आलेले. त्यांचं म्हणणं होतं की 'काही लागलं तर फोन करा' हे असायलाच हवं.

"ताई, एवढे दिवस त्यांच्याकडे जेवलो-खाल्लो. जाताना दार लावून घ्यायचं म्हणजे बरं दिसत नाही."

"काका, एप्रिलमध्ये कुणाचा फोन आला की अमक्या फायलीतलं साठेखत कुठे लावलंय, तर तुम्ही काय कराल?"

"सांगीन की. मला आठवतं."

"तेव्हा तुम्ही तिथले कुणी नसाल. एका कर्जदाराच्या कागदपत्रांबद्दल तुम्ही घरी बसून बाहेरच्या फोनवर बोलाल. उद्या काही वर-खाली झालं तर विचारतील, या माणसाला माहिती कुणी दिली?"

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि पैसेही मिळणार नाहीत, हे तुम्ही बोलला नाहीत."

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कंत्राट संपल्यावर दिलेलं उत्तर हे अधिकाराशिवाय दिलेलं असतं आणि बिनपगारी असतं. आणि एकदा फोन घेतला की तो येत राहतो, कारण नव्या अधिकाऱ्याला फोल्डर धुंडाळण्यापेक्षा काकांना विचारणं सोपं पडतं. काकांची जी भावना होती तिला आम्ही वेगळी वाट काढून दिली. 31 तारखेपर्यंत रोज दुपारी तीन ते चार नव्या अधिकाऱ्याने टीमसोबत बसावं आणि मनातले सगळे प्रश्न विचारून घ्यावेत, असं मेलमध्ये लिहिलं. अधिकारी खरोखर आले. काकांनी त्यांना गठ्ठ्यांवरच्या पेन्सिलीच्या खुणांचा अर्थ समजावून सांगितला, जो कुठल्याही फोल्डरमध्ये नव्हता. तो मग लिहून फोल्डरमध्ये गेला.

फायलींचा आकडा काढून टाकला. तो वित्तसंस्थेचा आकडा होता, आणि निरोपाचे मेल लोक फार सहज पुढे पाठवतात. 'आम्हाला पुढच्या प्रकल्पासाठीही लक्षात ठेवा' ही ओळ दोघांनी सुचवली होती, तीही घेतली नाही. एजन्सीशी केलेल्या करारात ग्राहक कंपनीकडे परस्पर काम मागू नये असं कलम बहुतेक वेळा असतं, आणि सामाईक मेलमधलं असं वाक्य त्याला लेखी पुरावा ठरू शकतं. ज्याला ओळख ठेवायची आहे त्याने जेवणाच्या सुट्टीत समोर जाऊन बोलावं. ते जास्त लक्षातही राहतं.

एजन्सीला गेलेला मेल

हा मेल निरोपाचा आहे असं कुणाला वाटणार नाही, पण माझ्या मते तिन्हींत हाच सर्वांत महत्त्वाचा. कंत्राटी माणसाची नोकरी ग्राहक कंपनीत नसते, एजन्सीत असते. अनुभवाचं पत्र एजन्सी देते. वित्तसंस्था तिच्या लेटरहेडवर एक ओळही देत नाही. आणि एजन्सीच्या मनुष्यबळ विभागाने ऐरोलीचा तो मजला कधी पाहिलेला नसतो. त्यांच्या नोंदीत 14 पैकी 11 जणांचं पद 'डेटा एंट्री ऑपरेटर' असं होतं. मेधा वर्षभर तपासणी करत होती, चुकांचे प्रकार ठरवत होती, तिचंही तेच.

म्हणून संदेशने प्रत्येकाने प्रत्यक्षात काय काम केलं ते दोन-दोन ओळींत लिहिलं, ग्राहकाचं नाव वा माहिती न घेता, आणि अनुभवाच्या पत्रात हे यावं अशी विनंती दोन्ही एजन्सींना लेखी केली. सोबत प्रत्येकाच्या रुजू होण्याच्या आणि सुटण्याच्या तारखा. डिसेंबरात गेलेल्या तिघांच्याही. हे 31 मार्चच्या आत जायला हवं होतं, कारण त्यानंतर संदेश स्वतःच कुणाचा लीड राहणार नव्हता. 1 एप्रिलला त्याच्या शब्दाला एजन्सीत काही वजन नाही.

याच मेलमध्ये दोन व्यवहाराच्या गोष्टी होत्या. एक, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख चढवावी. ती तारीख नसेल तर पुढच्या नोकरीत जुनी रक्कम वळती करताना किंवा काढताना अर्ज अडतो. मालकाने तारीख टाकली नाही तर सभासदाला पोर्टलवर स्वतः टाकता येते, पण शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबावं लागतं. दोन, पगाराच्या पोर्टलवर नोंदवलेला मेल आयडी बदलू द्यावा.

ही दुसरी गोष्ट ऐकायला क्षुल्लक वाटते. टीममध्ये सगळ्यांना आम्ही आपापलं पोर्टल उघडायला लावलं तेव्हा सहा जणांचा नोंदवलेला पत्ता वित्तसंस्थेचा निघाला. रुजू होताना जो आयडी हाताशी होता तोच त्यांनी दिला होता. याचा अर्थ शेवटचा हिशेब, पगाराची पावती आणि जूनमधला फॉर्म 16 हे सगळं त्याच न उघडणाऱ्या खोक्यात गेलं असतं. पासवर्ड विसरला तर ओटीपीही तिथेच. वर्षभर एकाच एजन्सीत राहून 31 मार्चला सुटणाऱ्या माणसाला त्या आर्थिक वर्षाचा पूर्ण फॉर्म 16 त्याच एजन्सीकडून मिळतो, 15 जूनपर्यंत तो द्यायचा असतो आणि जुलैअखेर विवरणपत्र भरायचं असतं. सहाही जणांनी लॅपटॉप हातात असतानाच पत्ता बदलून घेतला. लॅपटॉप गेल्यावर हेच काम करायला एजन्सीच्या हेल्पडेस्कवर आधार कार्डाची प्रत पाठवा, मग वाट पाहा, असे हेलपाटे झाले असते.

टीमचं आपसातलं पत्र

हे ऑफिसच्या मेलवरून पाठवायचंच नाही असं ठरलं. संदेशच्या जीमेलवरून सगळ्यांच्या खासगी पत्त्यांवर जाईल. पत्ते गोळा करायला पँट्रीतल्या टेबलावर एक वही ठेवली. ज्याला यायचंय त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, ज्याला नकोय त्याने नाही, कुणी विचारायचं नाही. डिसेंबरात गेलेल्या तिघांना फोन करून विचारलं, तिघेही हो म्हणाले. दोघींनी पत्त्यापुढे 'बाकीच्यांना दिसू नये' असं लिहिलं, म्हणून सगळ्यांनाच बीसीसीत घालायचं ठरलं.

हाताने लिहिलेले मेल पत्ते फार दगा देतात. इंग्रजी एल आणि एक सारखे दिसतात, टिंब आहे की पेनाचा डाग ते कळत नाही, अंडरस्कोअर वहीच्या रेघेत मिसळून जातो. म्हणून संदेशने 25 तारखेला एका ओळीचा चाचणी मेल पाठवला: 'मिळाला असेल तर नुसतं मिळाला असं उत्तर द्या.' दुपारपर्यंत 16 पैकी 13 उत्तरं आली. एकाचा मेल स्पॅममध्ये सापडला. दुसऱ्याच्या पत्त्यात जन्मसालातला एक आकडा चुकीचा वाचला होता, आणि त्या चुकीच्या पत्त्यावर खरोखरच कुणीतरी तिसरा माणूस होता, त्यामुळे मेल परत आलाच नव्हता. तिसरा, डिसेंबरात गेलेल्यांपैकी, रात्रपाळीला होता. त्याने दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. हे सगळे शेजारच्या खुर्चीवर किंवा फोनवर सापडण्यासारखे असताना दुरुस्त झालं हे बरं झालं.

आता मजकूर. संदेश 'कुटुंब' या वाक्यावर अडून होता. मी त्याला एवढंच विचारलं की हे वाक्य टीममधल्या एखाद्या मुलाने दहा वर्षांनी वाचलं तर त्याला काय आठवेल? कुणाही टीमबद्दल ते लिहिता येतं. त्यापेक्षा प्रत्येकाबद्दल एक ओळ लिही, जी फक्त त्याच्याबद्दलच खरी असेल.

इथे खरी मेहनत होती. 16 पैकी नऊ-दहा जणांबद्दल संदेशला चटकन सुचलं. ते त्याच्या जवळ बसणारे. बाकीच्यांबद्दल त्याने लिहिलं, 'मेहनती', 'हसतमुख', 'सदैव मदतीला तत्पर'. असे शब्द आले की समजावं, आपल्याला त्या माणसाचं काम दिसलेलं नाही. आणि वाचणाऱ्यालाही ते लगेच कळतं, कारण शेजारच्याबद्दल खरी ओळ असते आणि त्याच्याबद्दल विशेषण. मग संदेश कदमकाकांजवळ बसला, कारण संध्याकाळच्या पाळीतली मुलं काकांनी पाहिली होती. काकांकडून एकेक गोष्ट निघाली. ओळी साधारण एकाच लांबीच्या ठेवल्या, नावं अकारविल्हे लावली. पद पाहून क्रम लावला असता तर डेटा भरणारी मुलं शेवटी आली असती.

कोण कुठे रुजू होतंय ती यादी काढली. मेधाला पुण्यात काम मिळालं होतं, तिघांना एजन्सीने महापेला दुसरीकडे लावलं होतं, पण पाच जणांकडे त्या दिवसापर्यंत काहीच नव्हतं. त्यांच्या नावापुढे कोरी जागा किंवा 'लवकरच' असं लिहिणं म्हणजे त्यांची अडचण सगळ्यांपुढे मांडणं. ज्याला सांगायचंय तो सांगेल.

शेवटी जे पत्र गेलं त्यातला थोडा भाग संदेशच्या परवानगीने देते:

> मंडळी,
>
> हे पत्र माझ्या घरच्या पत्त्यावरून लिहितोय, कारण ऑफिसचा आयडी उद्या बंद होईल. सोळा जणांना लिहितोय. डिसेंबरात आधी गेलेले तिघे यात आहेत, ते नसते तर जानेवारीत आपल्याकडे तपासायला काही नसतं.
>
> अजय, जिथे दोन फायलींची पानं एकमेकांत मिसळली होती तो गठ्ठा तू तीन दिवस लावून सोडवलास आणि कुणाला सांगितलंही नाहीस. मला काकांकडून कळलं.
>
> कदमकाका, पिवळ्या पडलेल्या मुद्रांकावरची तारीख भिंगाशिवाय वाचणारे तुम्ही एकटे. आम्ही अंदाज करायचो, तुम्ही कधीच केला नाहीत.
>
> मेधा, तू परत पाठवलेल्या नोंदींवर मी दोनदा वाद घातला. दोन्ही वेळा नोंद चुकीची होती. नंतर मी वाद घालायचं सोडलं.
>
> शबाना, पावसात गाड्या बंद पडल्या त्या दिवशी तू रबाळ्याहून चालत आलीस, आणि आल्या आल्या आधी सर्व्हरवरचा अडकलेला लॉट सोडवलास.

असं सतरा जणांबद्दल. त्यातला सतरावा संदेश स्वतः. त्याच्याबद्दलची ओळ त्याला न दाखवता मेधाने लिहून घातली. पुढचा भाग असा:

> कामाबद्दल कुणाशी बोलाल तेव्हा आपण काय केलं ते सांगा, कुणाच्या फायली होत्या ते सांगू नका. पुढच्या नोकरीत कुणी विचारणा करायला माणूस मागितला तर माझं नाव बिनधास्त द्या, फक्त आधी एक फोन करा, म्हणजे मला तयारीनं बोलता येईल. पोर्टलवरचा मेल आयडी ज्यांनी बदलला नसेल त्यांनी उद्या लॅपटॉप देण्याआधी बदला. हे मी तिसऱ्यांदा सांगतोय.
>
> माझा नंबर तोच राहील.
>
> संदेश

पत्र 30 तारखेला रात्री नऊला गेलं. सगळे घरी पोचून जेवले असतील अशी वेळ.

माझ्या मते या पत्रातली कामाची ओळ 'आधी एक फोन करा' ही आहे. कंत्राटी माणसाच्या मागे कंपनीचं नाव नसतं, म्हणून त्याच्या कामाची साक्ष द्यायला एक खराखुरा माणूस लागतो. नवीन ठिकाणाहून चौकशीचा फोन येतो तेव्हा संदेशला आधी कळलेलं असेल तर तो 'चांगली मुलगी आहे हो' एवढ्यावर थांबत नाही. तपासणीत तिने काय शोधलं ते सांगू शकतो. आणि त्याच्यापुढे त्या व्यक्तीबद्दलची ती एक खरी ओळ लिहिलेलीच असते.

नंतर काय झालं

31 तारखेला ऑफिसच्या सामाईक यादीवर आमच्याकडून एकही मेल गेला नाही. त्या दिवशी दुसऱ्या एका विभागातली कंत्राटी टीमही उठत होती. त्यांच्यातल्या प्रत्येकाने आपापला निरोपाचा मेल सगळ्यांना पाठवला, त्याला 'सर्वांना उत्तर' दाबून लोकांनी शुभेच्छा दिल्या, आणि दुपारनंतर वित्तसंस्थेच्या लोकांनी त्या विषयाचे मेल बाजूला टाकणारा नियमच लावून घेतला. त्यातल्या शेवटच्या दोघा-तिघांचे मेल कुणी उघडलेही नसतील. ती मुलंही आमच्यासारखीच वर्षभर तिथे राबली होती, म्हणून त्याचं वाईट वाटलं.

एप्रिलमध्ये काकांना एक फोन आला, वित्तसंस्थेतल्या एका बाईंचा. काकांनी त्यांना फोल्डरमधल्या पेन्सिलीच्या खुणांच्या पानाचं नाव सांगितलं आणि पुढचं त्या अधिकाऱ्यांना विचारायला सांगितलं. पुन्हा फोन आला नाही.

अनुभवाच्या पत्रांचं मात्र अर्धंच काम झालं. आमच्या एजन्सीने नऊपैकी आठ पत्रांत कामाचं वर्णन संदेशने लिहिलं तसं घेतलं, नवव्यात जुनंच पद होतं ते सांगितल्यावर बदललं. दुसऱ्या एजन्सीने आमच्या नमुन्यात असं कलम नाही म्हणून नकार दिला. मेधा त्याच एजन्सीची. तिच्या पत्रात आजही डेटा एंट्री ऑपरेटर असंच आहे. पुण्याच्या कंपनीने पडताळणीत त्यावर बोट ठेवलं, तेव्हा तिने संदेशला आधी फोन केला आणि मग त्याचा नंबर दिला. संदेश त्यांच्याशी बराच वेळ बोलला. तिची निवड कायम राहिली, पण पगाराची पायरी त्यांनी पत्रातल्या पदाप्रमाणेच धरली. त्याबद्दल त्या एजन्सीला मी लेखी विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही.